राजीनामा किंवा बडतर्फीनंतर निवृत्तिवेतनाचे काय होते आणि आधीची कोणती सेवा धरली जाते

सरकारी नोकरी सोडताना कर्मचाऱ्याने लिहिलेला किंवा कार्यालयाने आदेशात घातलेला एकच शब्द वीस-पंचवीस वर्षांच्या सेवेचे भवितव्य ठरवतो. आस्थापना शाखेत काम करताना माझ्या हे वारंवार लक्षात आले की, नुकसान सोसावे लागलेल्या बहुतेकांना नियम कठोर आहे हे ठाऊक होते, परंतु त्याला कोठे अपवाद आहे आणि तो किती दिवसांत वापरावा लागतो, हे ठाऊक नव्हते. म्हणून या लेखात जुन्या निवृत्तिवेतन योजनेतील कर्मचाऱ्यांपुरता हा विषय क्रमाने मांडला आहे. मुख्य आधार केंद्र सरकारच्या नियमांचा घेतला असून महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या तरतुदींचा उल्लेख जागोजागी केला आहे.

आधी आपल्याला कोणता नियम लागू आहे ते पाहावे

केंद्र सरकारच्या नागरी सेवेत 1 जानेवारी 2004 पूर्वी आणि महाराष्ट्र शासनाच्या सेवेत 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी रुजू झालेले कर्मचारी सर्वसाधारणपणे जुन्या योजनेत येतात. त्यानंतर रुजू झालेल्यांच्या बाबतीत दरमहा जमा होणाऱ्या अंशदानाचा हिशेब असतो, त्यामुळे सेवा जप्त होण्याचा प्रश्न या स्वरूपात उद्भवत नाही. मात्र हा तारखांचा मुद्दा जुन्या कर्मचाऱ्यालाही पुढे एका ठिकाणी आडवा येतो, म्हणून तो लक्षात ठेवावा.

केंद्राच्या 1972 च्या निवृत्तिवेतन नियमांत नियम 24 बडतर्फीविषयी आणि नियम 26 राजीनाम्याविषयी आहे. डिसेंबर 2021 पासून त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली आणि क्रमांक बदलले, तरी मूळ तत्त्व तेच राहिले आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मध्ये याच तरतुदी अनुक्रमे नियम 45 आणि 46 मध्ये आहेत. दोन्हीकडे सुरुवात एकाच वाक्याने होते: सेवेतून काढून टाकल्यास, बडतर्फ केल्यास किंवा राजीनामा दिल्यास आधीची सेवा जप्त होते. सेवा जप्त होणे याचा अर्थ, ती सेवा निवृत्तिवेतनासाठी धरावयाच्या सेवेतून, म्हणजे अर्हताकारी सेवेतून वगळली जाते. सेवाच शिल्लक राहिली नाही तर तिच्यावर आधारलेले निवृत्तिवेतन आणि सेवानिवृत्ती उपदानही राहत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. भविष्य निर्वाह निधीत कर्मचाऱ्याने स्वतःच्या पगारातून साठवलेली रक्कम ही त्याची बचत आहे आणि ती या नियमाने जप्त होत नाही. अर्जित रजेचे मात्र तसे नाही. राजीनामा दिल्यास खात्यावरील अर्जित रजेच्या निम्म्या आणि जास्तीत जास्त 150 दिवसांच्या रजेचे रोखीकरण मिळू शकते, तर बडतर्फीत शिल्लक रजा व्यपगत होते.

आदेशातील नेमका शब्द वाचावा

बोलताना आपण सर्व प्रकारांना ‘नोकरी गेली’ असे म्हणतो. नियमांत मात्र मोठ्या शिक्षांमध्ये तीन वेगळे शब्द आहेत: सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फी. काढून टाकलेल्या व्यक्तीस पुढे सरकारी नोकरी मिळण्यास बाधा येत नाही, तर बडतर्फ व्यक्ती सर्वसाधारणपणे त्यास अपात्र ठरते. निवृत्तिवेतनाच्या दृष्टीने मात्र या दोन्हींचा परिणाम सारखाच आहे आणि दोन्हींत आधीची सेवा जप्त होते.

सक्तीची सेवानिवृत्ती ही शिक्षा असली तरी तिच्यात सेवा जप्त होत नाही. केंद्राच्या नियमांनुसार अशा कर्मचाऱ्यास त्या तारखेला देय ठरणाऱ्या भरपाई निवृत्तिवेतनाच्या, म्हणजे पद रद्द झाल्यामुळे सेवा संपल्यास मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाच्या, दोन-तृतीयांशापेक्षा कमी नाही आणि पूर्ण रकमेपेक्षा जास्त नाही, असे निवृत्तिवेतन मंजूर करता येते. समजा, हिशेबाने पूर्ण निवृत्तिवेतन 30,000 रुपये येते. सक्तीच्या सेवानिवृत्तीत त्यास 20,000 ते 30,000 रुपयांच्या दरम्यान रक्कम मिळेल. बडतर्फीत हक्काने काहीही मिळणार नाही. विभागीय चौकशीच्या शेवटी शिक्षेच्या प्रमाणाविषयी बाजू मांडताना किंवा अपील लिहिताना हा फरक डोळ्यांसमोर असला पाहिजे. आरोप सिद्ध झाले असल्यास ते नाकारण्यातच सगळी शक्ती न घालवता, शिक्षा सक्तीच्या सेवानिवृत्तीपर्यंत सौम्य करावी अशी पर्यायी विनंतीही त्यात स्पष्टपणे करावी, असे माझे मत आहे.

राजीनामा लिहिण्यापूर्वी सेवेची वर्षे मोजावीत

वीस वर्षांची अर्हताकारी सेवा पूर्ण झालेल्या कर्मचाऱ्यास तीन महिन्यांची सूचना देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. ही सोय केंद्रात आहे आणि महाराष्ट्राच्या नियमांतही आहे. असे असूनही घरच्या अडचणीत किंवा वरिष्ठांशी झालेल्या वादात अनेक जण ‘मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे’ असे दोन ओळींचे पत्र देऊन मोकळे होतात. नंतर त्यांचा युक्तिवाद असतो की वीस वर्षे झालीच होती, तेव्हा हा राजीनामा स्वेच्छानिवृत्ती समजावा.

सर्वोच्च न्यायालयाने 5 डिसेंबर 2019 रोजी बीएसईएस यमुना पॉवर विरुद्ध घनश्याम चंद शर्मा या प्रकरणात हा युक्तिवाद अमान्य केला. त्या कर्मचाऱ्याने 1990 मध्ये राजीनामा दिला होता आणि आपली वीस वर्षे पूर्ण झाली आहेत असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या कायद्याने वेगळ्या ठेवलेल्या गोष्टी आहेत, राजीनाम्याने नियम 26 प्रमाणे आधीची सेवा जप्त होते आणि वीस वर्षे पूर्ण झाली होती की नव्हती या प्रश्नाने त्यात फरक पडत नाही. त्यामुळे वीस वर्षे भरत असतील तर पत्रात ‘राजीनामा’ हा शब्दच येऊ देऊ नये. स्वेच्छानिवृत्तीचा नियम, सूचनेचा कालावधी आणि निवृत्त व्हावयाची तारीख लिहावी. वीस वर्षे भरण्यास थोडाच अवधी उरला असेल, तर देय रजा घेऊन तो काढता येतो का, हे आस्थापना शाखेकडून सेवापुस्तकावरून तपासून घ्यावे. विनावेतन असाधारण रजा नेहमीच धरली जाते असे नाही, म्हणून स्वतःच्या अंदाजावर विसंबू नये.

दुसऱ्या सरकारी नोकरीसाठी दिलेला राजीनामा

जप्तीच्या नियमाला सर्वांत महत्त्वाचा अपवाद हा आहे. योग्य परवानगीने, ज्या नोकरीतील सेवा निवृत्तिवेतनासाठी धरली जाते अशी दुसरी सरकारी नोकरी स्वीकारण्यासाठी दिलेल्या राजीनाम्याने आधीची सेवा जप्त होत नाही. नवी नेमणूक तात्पुरती असली तरी चालते. कार्यालयात यालाच तांत्रिक राजीनामा म्हणतात.

हा अपवाद कागदांवर टिकतो. नव्या पदासाठी अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे आपल्या कार्यालयामार्फत गेलेला असावा. राजीनाम्याच्या पत्रात तो कोणत्या पदावर रुजू होण्यासाठी दिला आहे हे लिहिलेले असावे. कार्यमुक्तीच्या आदेशातही, राजीनामा तांत्रिक स्वरूपाचा असून योग्य परवानगीने दुसऱ्या नेमणुकीसाठी स्वीकारला आहे, असा उल्लेख असावा आणि त्याच अर्थाची नोंद सेवापुस्तकात व्हावी. सर्वांत जास्त घोटाळा येथेच होतो. अर्ज योग्य मार्गाने गेलेला असतो, परंतु राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे लिहिले जाते आणि तेच शब्द स्वीकृतीच्या आदेशात उतरतात. मग निवृत्तीच्या वेळी लेखा कार्यालय आक्षेप घेते आणि तोवर मूळ कार्यालयातील जावक नोंदवही शोधूनही सापडत नाही. म्हणून अर्ज पुढे पाठवल्याचे पत्र, राजीनाम्याची पोच आणि कार्यमुक्तीचा आदेश या तिन्हींच्या प्रती घरी जपून ठेवाव्यात.

दोन नोकऱ्यांची ठिकाणे वेगळी असल्याने मध्ये काही दिवस गेले, तर बदलीच्या नियमांप्रमाणे मिळणाऱ्या पदग्रहण अवधीइतका खंड कार्यमुक्तीच्या दिवशी देय असलेल्या रजेने भरून काढता येतो. रजा कमी पडल्यास उरलेल्या दिवसांचा खंड औपचारिक आदेशाने क्षमापित करून घ्यावा लागतो.

दिलेला राजीनामा परत घेणे

राजीनामा अंमलात येण्यापूर्वी तो परत घेणे तुलनेने सोपे असते. अंमलात आल्यानंतर मात्र तो हक्क राहत नाही, नियुक्ती प्राधिकारी जनहितार्थ तशी परवानगी देऊ शकतो एवढेच. त्यासाठीच्या अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. राजीनामा नाइलाजाच्या कारणाने दिलेला असावा आणि त्या कारणाचा कर्मचाऱ्याच्या सचोटीशी, कार्यक्षमतेशी किंवा वर्तनाशी संबंध नसावा. परिस्थितीत खरोखर बदल झाल्यामुळे विनंती केलेली असावी. मधल्या काळातील वर्तन गैर नसावे. तेच पद किंवा तुल्य पद रिकामे असावे. आणि राजीनामा अंमलात आल्यापासून पुन्हा रुजू होण्यास परवानगी मिळालेल्या दिवसापर्यंतची अनुपस्थिती नव्वद दिवसांहून अधिक नसावी.

ही शेवटची अट नीट वाचावी. नव्वद दिवस विनंतीच्या तारखेपर्यंत मोजायचे नसून रुजू होण्याच्या तारखेपर्यंत मोजायचे आहेत. ऐंशीव्या दिवशी अर्ज देणारी व्यक्ती निश्चिंत असते, पण कार्यालयीन टिप्पणी वर जाऊन परत येईपर्यंत मुदत उलटून गेलेली असते. विनंती पहिल्या महिन्यातच, समक्ष पोच घेऊन द्यावी. खासगी कंपनीत किंवा सरकारी मालकीच्या महामंडळात नोकरी धरण्यासाठी राजीनामा दिला असेल, तर ती विनंती मान्य होत नाही.

परवानगीच्या आदेशातच खंड क्षमापित झाल्याचे मानले जाते, त्यामुळे आधीची सेवा पुन्हा जोडली जाते. मधले दिवस मात्र सेवेत धरले जात नाहीत.

एका कर्मचाऱ्याचा हिशेब

वरील दोन्ही अपवाद एकत्र कसे लागू होतात हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. एक महिला कर्मचारी 1 जुलै 1992 रोजी साताऱ्यात केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लिपिक म्हणून रुजू झाली. योग्य मार्गाने अर्ज करून नागपुरातील दुसऱ्या केंद्रीय कार्यालयात तिची निवड झाली. 30 जून 2001 रोजी ती कार्यमुक्त झाली आणि 9 जुलैला नागपुरात रुजू झाली. मधले आठ दिवस तिच्या अर्जित रजेतून भरले गेले. पहिली नऊ वर्षे अशा रीतीने अबाधित राहिली.

पुढे आईच्या गंभीर आजारपणामुळे तिने राजीनामा दिला. तो 31 मार्च 2012 रोजी कार्यालयीन वेळेनंतर अंमलात आला. भावाने आईची जबाबदारी घेतल्यावर तिने एप्रिलच्या अखेरीस राजीनामा परत घेण्याची विनंती केली आणि 11 जून 2012 रोजी ती पुन्हा रुजू झाली. 1 एप्रिल ते 10 जून हे एकाहत्तर दिवस होतात, म्हणजे ती मुदतीत बसली. 31 मे 2024 रोजी ती नियत वयोमानानुसार निवृत्त झाली.

1 जुलै 1992 ते 31 मे 2024 हा एकूण कालावधी 31 वर्षे 11 महिन्यांचा आहे. त्यातून एकाहत्तर दिवस वजा केल्यावर सुमारे 31 वर्षे 8 महिने 20 दिवस उरतात. सध्याच्या नियमांत दहा वर्षांची सेवा झाल्यावर निवृत्तिवेतन वेतनाच्या निम्म्या दराने मिळते, त्यामुळे तिच्या मासिक निवृत्तिवेतनावर या वजावटीचा काहीच परिणाम झाला नाही. उपदान मात्र पूर्ण झालेल्या प्रत्येक सहामाहीस पाव महिन्याच्या वेतनाप्रमाणे असते आणि तीन महिने किंवा त्याहून अधिक असलेला अपुरा भाग पूर्ण सहामाही धरला जातो. खंड नसता तर 63 सहामाही आणि वर पाच महिने, म्हणजे 64 सहामाही झाल्या असत्या. खंडामुळे 63 सहामाहींवर उरणारा भाग तीन महिन्यांहून थोडा कमी भरला आणि तो सुटला. सोळा महिन्यांऐवजी पावणेसोळा महिन्यांच्या वेतनाइतके उपदान तिला मिळाले. एवढेच नुकसान झाले.

आता हीच कर्मचारी नव्वद दिवस उलटल्यावर जागी झाली असती आणि खुल्या परीक्षेतून 2013 मध्ये पुन्हा केंद्राच्या सेवेत आली असती, असे धरू. तो तांत्रिक राजीनामा नव्हता, त्यामुळे 1992 पासूनची जवळजवळ वीस वर्षे जप्तच राहिली असती. शिवाय 2013 ची नेमणूक नवी समजली जाऊन ती अंशदायी योजनेत गेली असती. सुरुवातीस सांगितलेला तारखांचा मुद्दा आडवा येतो तो येथे. याउलट, 2004 पूर्वी सेवेत आलेला कर्मचारी त्यानंतर तांत्रिक राजीनामा देऊन दुसऱ्या केंद्रीय नोकरीत गेला, तर त्याची जुनी योजना कायम राहते.

खंड आपोआप क्षमापित होतो हा समज

दोन सेवांमधील खंड सेवापुस्तकात विरुद्ध नोंद नसल्यास आपोआप क्षमापित मानला जातो, अशी तरतूद केंद्राच्या नियमांत आहे आणि महाराष्ट्राच्या नियम 48 मध्येही आहे. तिचा आधार घेऊन राजीनाम्यापूर्वीची सेवा धरावी, असे अर्ज नेहमी येतात. त्याच तरतुदीत पुढे स्पष्ट म्हटले आहे की राजीनामा, बडतर्फी, सेवेतून काढून टाकणे किंवा संपातील सहभाग यांमुळे पडलेल्या खंडास ती लागू नाही. ती तात्पुरत्या नेमणुका संपून काही दिवसांनी पुन्हा नेमणूक झालेल्यांसाठी उपयोगी आहे. राजीनाम्याच्या प्रकरणात तिच्यावर वेळ घालवू नये.

बडतर्फ झालेल्याने काय करावे

पहिले पाऊल अपिलाचे आहे आणि त्याची मुदत आदेशाची प्रत मिळाल्यापासून पंचेचाळीस दिवसांची असते. अपिलात किंवा न्यायालयात आदेश रद्द होऊन पुन्हा सेवेत घेतले गेल्यास आधीची सेवा पुन्हा धरली जाते. परंतु बडतर्फीपासून पुनःस्थापनेपर्यंतचा काळ आणि असल्यास निलंबनाचा काळ आपोआप धरला जात नाही. तो कर्तव्यकाळ किंवा रजा म्हणून नियमित केल्याचा स्वतंत्र आदेश लागतो. पुनःस्थापनेच्या आनंदात हा आदेश मागायचा राहून जातो. पुनःस्थापनेच्या आदेशात मधल्या काळाविषयी काही लिहिलेले नसेल, तर रुजू झाल्याबरोबर त्याविषयी लेखी विनंती करावी.

तांत्रिक राजीनाम्याने जोडली गेलेली जुन्या कार्यालयातील सेवाही बडतर्फीत वाचत नाही. ती एकदा जोडली गेली की सलग सेवेचा भाग होते आणि तिच्यासह सर्व जप्त होते. सरकारी खात्याचे कंपनीत रूपांतर झाल्यावर त्या कंपनीत सामावून घेतलेल्यांना पूर्वी असे संरक्षण होते की, कंपनीतून गैरवर्तनासाठी काढले गेले तरी आधीच्या सरकारी सेवेचे लाभ शाबूत राहत. मे 2025 मध्ये केंद्राने नियम 37 मध्ये दुरुस्ती करून तेही काढून घेतले. आता अशा बडतर्फीने सरकारी सेवेचे निवृत्तिलाभही जप्त होतात, मात्र कंपनीच्या निर्णयाचे संबंधित मंत्रालयाने पुनर्विलोकन करावयाचे असते.

अपील फेटाळले गेले तरी एक मार्ग राहतो, तो अनुकंपा भत्त्याचा. केंद्राच्या 1972 च्या नियमांत तो नियम 41 मध्ये होता. बडतर्फ करण्यास सक्षम असलेला अधिकारी विशेष विचारास पात्र प्रकरणी, भरपाई निवृत्तिवेतनाच्या दोन-तृतीयांशापर्यंत भत्ता मंजूर करू शकतो. वरच्या आकड्यांत ही कमाल मर्यादा 20,000 रुपये येते. हा हक्क नाही, पण अधिकाऱ्याला विचार टाळताही येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये महिंदर दत्त शर्मा प्रकरणात सांगितले की, बडतर्फी गैरवर्तनासाठीच झालेली असते, म्हणून केवळ गैरवर्तनाचे कारण देऊन भत्ता नाकारला तर ही तरतूदच निरर्थक होईल. ते गैरवर्तन नैतिक अधःपतनाचे, मालकाशी अप्रामाणिकपणाचे, वैयक्तिक लाभासाठी केलेले किंवा दुसऱ्याला हेतुपुरस्सर हानी करणारे होते का, हे पाहिले पाहिजे. त्या प्रकरणातील दिल्ली पोलिसांतील कर्मचारी कर्तव्यावर गैरहजर राहिल्याबद्दल बडतर्फ झाला होता, आणि न्यायालयाने त्याच्या मागणीचा नव्याने विचार करावयास सांगितले.

म्हणून अर्ज लिहिताना आरोपाचे स्वरूप आधी मांडावे. अनधिकृत गैरहजेरी असेल, तर त्यात पैशांचा अपहार, लाच किंवा कोणाची फसवणूक नव्हती, हे दोषारोपपत्राचा दाखला देऊन लिहावे. त्यानंतर बडतर्फीपूर्वीच्या सेवेची वर्षे, मिळालेल्या प्रशस्ती आणि अवलंबून असलेली माणसे यांचा तपशील द्यावा. चौकशी कशी चुकीची होती, याचा पाढा येथे पुन्हा वाचू नये, कारण भत्त्याचा विचार शिक्षा योग्य होती असे धरूनच होतो. लाचखोरी किंवा अपहाराच्या प्रकरणांत हा अर्ज यशस्वी होण्याची शक्यता फार कमी असते, हे मी अशा कुटुंबांना स्पष्टपणे सांगत आलो आहे.

सेवेत असतानाच घ्यावयाचा दाखला

केंद्राच्या नियमांत अठरा वर्षांची सेवा झाल्यावर आणि निवृत्तीला पाच वर्षे उरली असताना कार्यालयप्रमुखाने लेखा अधिकाऱ्याशी विचारविनिमय करून अर्हताकारी सेवा पडताळून कर्मचाऱ्यास लेखी कळवावयाची असते. ज्यांच्या सेवेत तांत्रिक राजीनामा, परत घेतलेला राजीनामा किंवा पुनःस्थापना आहे, त्यांनी हा दाखला अर्ज करून मागून घ्यावा आणि त्यात जुन्या कार्यालयातील सेवा तारखांसह नमूद आहे का ते पाहावे. नमूद नसेल तर जुन्या कार्यालयाकडून सेवापडताळणी मागवण्यास त्या वेळी अजून अवधी असतो.